भाऊबीजेला भाचरांना दिलेल्या पुस्तकात काय लिहावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत मुलांच्या पुस्तकांभोवती गर्दी असते. पुस्तक निवडायला कोणी ना कोणी मदत करतो. घरी येऊन पेन हातात घेतल्यावर आतल्या पानावर काय लिहायचे, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. हे पान त्या दोन-चार ओळींपुरते आहे. उदाहरणे मुख्यतः भाऊबीजेची आणि साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलांची घेतली आहेत. पाडव्याला किंवा दसऱ्याला पुस्तक देणाऱ्यांना त्यांत तारखेखेरीज फारसे बदलावे लागणार नाही.

मजकूर किती लांब असावा?

नाव, सही आणि तारीख सोडून पंचवीस ते तीस शब्द पुरतात. मराठी पुस्तके बहुधा डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतात. शिवणीच्या बाजूला इंचभर आणि बाहेरच्या बाजूला अर्धा इंच जागा सोडली, तर मुलाला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत एका ओळीत चार-पाच शब्द बसतात. त्या हिशेबाने तीस शब्दांच्या सहा-सात ओळी होतात आणि पान भरल्यासारखे दिसत नाही. याहून जास्त लिहायचे असेल तर ते पत्र झाले. ते वेगळ्या कागदावर लिहून पुस्तकात ठेवावे.

नेमके काय लिहावे? ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे पुरेसे नाही का?

शिष्टाचार म्हणून पुरेसे आहे, पण त्यासाठी पुस्तकाचे पान वापरायची गरज नाही. ते काम भेटकार्डही करते. पुस्तकातल्या मजकुरात तीन गोष्टी एकत्र आल्या तर तो जमतो: हे मूल, हे पुस्तक आणि देणारी व्यक्ती. तिन्हींना जोडणारा एखादा लहानसा प्रसंग सापडला की ओळी आपोआप सुचतात. एक उदाहरण पहिल्या खर्ड्यापासून पाहू. त्यातली नावे नमुन्यादाखल आहेत.

आत्या कोथरूडला राहते आणि भाऊबीजेला भावाकडे सदाशिव पेठेत जाणार आहे. भाची इरा नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. तिच्यासाठी आपल्याकडच्या पक्ष्यांची ओळख करून देणारे सचित्र पुस्तक घेतले आहे. आत्याने आधी असे लिहिले:

> चि. इरा हिस,
> दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. खूप वाच, खूप मोठी हो आणि आई-वडिलांचे नाव उज्ज्वल कर.
> – आत्या

यात चुकीचे काही नाही, परंतु ‘इरा’च्या जागी शेजारच्या मुलाचे नाव घातले आणि पक्ष्यांच्या पुस्तकाऐवजी गणिताच्या कोड्यांचे पुस्तक ठेवले, तरी हा मजकूर जसाच्या तसा चालेल. मजकूर कच्चा आहे हे ओळखण्याची हीच सर्वांत सोपी कसोटी होय. नाव आणि पुस्तक बदलून पाहावे. काहीच खटकले नाही, तर अजून लिहायचे ते लिहिलेच नाही असे समजावे. शिवाय ‘आई-वडिलांचे नाव उज्ज्वल कर’ हे वाक्य मुलीला उद्देशून असले, तरी मनातून ते आई-वडिलांनी वाचावे यासाठी लिहिलेले असते. मुलांना हे कळते.

मग आत्याला मे महिना आठवला. इरा आठ दिवस कोथरूडला राहायला आली होती. दुपारभर समोरच्या पिंपळावरून एकसारखा ‘टुक टुक’ असा आवाज येत असे, आणि तो कोण काढते हे तिने दोन-तीनदा विचारले होते. तो आवाज तांबट पक्ष्याचा. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा तो ऐकू येतो, म्हणूनच त्याला हे नाव मिळाले. ज्याने कसबा पेठेतल्या तांबट आळीतून एकदा तरी फेरी मारली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आता आत्याचा दुसरा खर्डा असा झाला:

> प्रिय इरा, मे महिन्यात तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा जो टुक टुक आवाज यायचा तो तांबट नावाच्या पक्ष्याचा असतो. तो हिरव्या रंगाचा असून त्याच्या कपाळावर लाल ठिपका असतो. तो वड, पिंपळ, उंबर यांची फळे खातो आणि वाळलेल्या फांदीत ढोली कोरतो. या पुस्तकात अशी खूप माहिती आहे, ती तू नक्की वाच…

प्रसंग सापडला, पण आता आत्याच सगळे सांगून मोकळी झाली. मुलीने पुस्तक उघडून जे शोधायचे, ते पहिल्याच पानावर मिळाले तर पुढची पाने उलटायचे कारण उरत नाही. मोठ्या माणसांना हा मोह फार होतो, आणि ज्यांना विषय चांगला माहीत असतो त्यांना तर अधिकच. तिसऱ्या वेळी आत्याने उत्तर काढून घेतले आणि फक्त प्रश्न ठेवला:

> प्रिय इरा,
> मे महिन्यात आमच्या गॅलरीत बसून तू विचारलं होतंस,
> ‘दिवसभर टुक टुक कोण करतंय?’
> त्याचा फोटो या पुस्तकात आहे.
> पान नंबर मी सांगणार नाही.
> सापडला की फोन कर.
> – तुझी आत्या, वैशाली
> भाऊबीज, 23 ऑक्टोबर 2025, पुणे

मुख्य मजकूर सत्तावीस शब्दांचा आहे. वाक्ये लहान आहेत, चौथीतली मुलगी ती कोणाच्या मदतीशिवाय वाचू शकते, आणि वाचून झाल्यावर तिला करायला काहीतरी आहे. लिहिण्यापूर्वी आत्याने एक गोष्ट आवर्जून केली पाहिजे: पुस्तकात तांबट खरोखरच आहे का आणि त्याच्या आवाजाचे वर्णन दिले आहे का, हे पाहायला हवे. नाहीतर मुलगी शोधत बसेल आणि तिला काहीच सापडणार नाही. थंडीत तांबट फारसा बोलत नाही. तो पुन्हा उन्हाळ्याच्या सुमारास ऐकू येतो. त्यामुळे दिवाळीत ‘आज आवाज ऐक आणि ओळख’ असे लिहिले असते, तर तेही फसले असते.

मुलाशी माझी इतकी जवळीक नाही. असा प्रसंग कुठून आणू?

ओढूनताणून आणू नये. त्याऐवजी पुस्तकाच्या बाजूने जावे: पुस्तक आधी स्वतः वाचावे किंवा निदान नीट चाळावे आणि आपल्याला आवडलेल्या एका जागेकडे बोट दाखवावे. उदाहरणार्थ, ‘चौतिसाव्या पानावरच्या चित्रात एक मांजर लपलंय. मला ते दुसऱ्यांदा पाहिल्यावर दिसलं. तुला किती वेळ लागतो ते सांग.’ हे लिहायला मुलाची ओळख लागत नाही, पण पुस्तकाची लागते. पुस्तक वाचायलाही सवड नसेल, तर नाव, ‘सप्रेम भेट’, सही आणि तारीख एवढेच नेटके लिहावे. खोट्या जिव्हाळ्यापेक्षा ते केव्हाही चांगले दिसते.

‘वाचाल तर वाचाल’ किंवा एखादा सुविचार लिहिला तर?

माझ्या मते नको. हे वाक्य मुलांनी शाळेच्या फळ्यावर आणि ग्रंथालयाच्या भिंतीवर शेकडो वेळा पाहिलेले असते, त्यामुळे डोळा त्यावरून नुसता घसरत जातो. त्याहून नको ती अट: ‘मोबाइल कमी बघ आणि हे वाच’, ‘अभ्यास सांभाळून वाच’, ‘परीक्षेतही असेच यश मिळव’. सणाच्या दिवशी दिलेल्या वस्तूवर कायमचा लिहिलेला टोमणा मूल विसरत नाही, आणि पुस्तक उघडले की तो पुन्हा समोर येतो. स्वतः रचलेल्या चार ओळींची कविता मात्र जरूर लिहावी, यमक थोडे लंगडे असले तरी चालेल.

‘चि.’ लिहावे, ‘कु.’ लिहावे की ‘प्रिय’?

वयाने मोठ्या व्यक्तीने लहानाला लिहिताना ‘चि.’ हा रूढ मायना आहे आणि तो मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो. आजी-आजोबांच्या हस्ताक्षरात ‘चि. ओवी हिस अनेक आशीर्वाद’ असे शोभून दिसते, कारण ते बोलतानाही तशीच भाषा वापरतात. ‘कु.’ शाळेच्या दाखल्यावर आणि बक्षिसाच्या यादीत ठीक आहे, घरच्या भेटीत ते परके वाटते. आत्या, मावशी, मामा, काका यांनी ‘प्रिय’ लिहावे, किंवा घरी ज्या नावाने हाक मारतात ते लाडके नाव लिहावे. मात्र ते नाव मुलाला चारचौघांत आवडते का, याची आधी खात्री करून घ्यावी. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मित्रांसमोर ‘चिंटूस’ असे लिहिलेले पुस्तक उघडणे नको वाटते.

भाऊबीजेला एक वेगळा पेच येतो. कॉलेजात जाणारा दादा धाकट्या बहिणीला पुस्तक देतो तेव्हा ते ओवाळणीच्या ताटात पडते, आणि विशीतल्या मुलाने ‘चि.’ लिहिणे आव आणल्यासारखे वाटते. त्याने सरळ बहिणीचे नाव लिहून खाली ‘ही तुझी ओवाळणी. पैसे मागू नकोस. – दादा’ असे लिहिले, तरी कोणी नाव ठेवणार नाही.

सही करताना नुसते ‘मामा’ चालेल का?

नात्याबरोबर नावही लिहावे. मुलाला दोन-तीन मामा असू शकतात आणि पुस्तक पुढे धाकट्या भावंडाकडे, मग त्याच्याही पुढे जाते. ‘तुझा मामा, नितीन’ एवढे लिहायला चार सेकंद लागतात. सही मात्र बँकेच्या चेकवर करतात तशी गिचमिड नको. मुलाला नाव वाचता आले पाहिजे.

लिहायचे ते नेमके कोणत्या पानावर?

मुखपृष्ठ उलगडल्यावर उजव्या हाताला येणारे पहिले कोरे पान सर्वांत योग्य. तसे पान नसेल, तर ज्या पानावर फक्त पुस्तकाचे नाव छापलेले असते त्याच्या वरच्या भागात लिहावे. जिथे पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकाशक अशी तिन्ही नावे असतात, ते पान शक्यतो मोकळे ठेवावे, कारण लेखक सही करतो ती त्याच पानावर. डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. दिवाळीत मिळालेले पुस्तक घेऊन तिथे लेखकाला गाठायची संधी मुलाला मिळू शकते, त्यासाठी जागा असू द्यावी. लेखकाची अर्पणपत्रिका असते त्या पानावर तर मुळीच लिहू नये. ते पान दुसऱ्या कोणासाठी तरी आहे.

दिवाळी अंक देत असाल तर अडचण वेगळी असते. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बहुधा जाहिरात असते आणि कोरे पान नसतेच. बालभारतीच्या ‘किशोर’सारख्या मासिकाचा दिवाळी अंक असो की आणखी कोणताही, अनुक्रमणिकेच्या वरच्या मोकळ्या पट्टीत नाव आणि एक ओळ एवढेच बसवावे. तिथे ‘आधी बेचाळिसावे पान’ एवढी खूण केली तरी काम होते.

कोणते पेन वापरावे?

साधे निळे किंवा काळे बॉलपेन. याचे कारण कागदात आहे. कथांच्या पुस्तकांत बहुधा मॅपलिथो कागद असतो आणि तो शाई शोषून घेतो. तिथे फाउंटन पेनचे अक्षर पसरते आणि मागच्या बाजूला उमटते. चित्रांच्या पुस्तकांत गुळगुळीत आर्ट पेपर असतो आणि तो शाई शोषतच नाही. तिथे जेल पेनची ओळ बराच वेळ ओली राहते आणि पान मिटले की समोरच्या पानावर तिचा उलटा ठसा पडतो. शिवाय जेल पेनची आणि फाउंटन पेनची बरीचशी शाई पाण्याने फिसकटते, आणि दिवाळीत मुलाच्या हाताला कधी पाणी लागलेले असते, कधी चकलीचे तेल. बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे यांतले बरेचसे टळते. स्केचपेनने तर लिहूच नये. ते मागच्या दोन पानांपर्यंत पोहोचते.

बॉलपेनचा एकच दोष असा, की जोर दिला तर खालच्या पानांवर वळ उठतात. लिहिताना पानाखाली एखादे जाड कार्ड सरकवावे. शंका असेल तर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लहानसा ठिपका देऊन मिनिटभराने त्यावरून बोट फिरवून पाहावे. फिसकटला तर पेन बदलावे.

काही बालपुस्तकांची आतली बाजूही लॅमिनेशन केलेली असते आणि तिथे कोणतेच पेन चालत नाही. तेव्हा मजकूर वेगळ्या पांढऱ्या कागदावर लिहून ग्लू स्टिकने चिकटवावा. पातळ डिंक वापरला तर कागदाला सुरकुत्या पडतात.

लिहिताना चूक झाली तर?

म्हणूनच आधी कच्च्या कागदावर, पुस्तकाच्या पानाएवढ्याच जागेत, पूर्ण मजकूर लिहून पाहावा. तरीही चूक झालीच, तर चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारून पुढे लिहावे. व्हाइटनरचा पांढरा ठिपका पिवळसर कागदावर शब्दापेक्षा जास्त उठून दिसतो आणि कालांतराने त्याचे पोपडे निघतात. सगळाच मजकूर बिघडला असेल तर त्यावर नवा कागद चिकटवावा, पण पान फाडू नये. धाग्याने शिवलेल्या पुस्तकात एक पान फाडले की त्याच कागदाचे दुमडून पलीकडे गेलेले जोडपान सुटे होते, आणि ते कथेच्या ऐन मध्यावरचेही असू शकते. नुसते चिकटवलेले पुस्तक असेल तर त्या जागी गोंद उघडा पडून शेजारची पाने ढिली होऊ लागतात.

शुद्धलेखनाच्या चुका मात्र आधीच टाळता येतात. ‘आशीर्वाद’ या शब्दातला रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि ‘दिपावली’ असे ऱ्हस्व लिहिले जाते. ‘दीपावली’ दीर्घ, ‘दिवाळी’ ऱ्हस्व, एवढे लक्षात ठेवले की झाले.

तारीख इंग्रजी लिहावी की तिथी?

दोन्ही लिहिल्या तर उत्तम, एकच लिहायची तर वर्षासह इंग्रजी तारीख. नुसते ‘भाऊबीज’ लिहिले तर पाच वर्षांनी कोणती भाऊबीज ते कळत नाही. तिथी लिहायची असेल तर भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, आणि शके वर्ष काढण्यासाठी इसवी सनातून 78 वजा करावेत. 2025च्या दिवाळीला शके 1947 होते. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत मात्र 79 वजा करावे लागतात, कारण नवे शके पाडव्याला सुरू होते. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेतली तारीख पंचांगातल्या तिथीशी जुळत नाही, त्यामुळे तिथी घरातल्या पंचांगावरून किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून घ्यावी.

वर ‘श्री’ लिहून हळद-कुंकू लावावे का?

‘॥ श्री ॥’ लिहिण्याची पद्धत घरात असेल तर जरूर लिहावे. दसऱ्याला सरस्वतीपूजनात पुस्तक ठेवायचे असेल तर हळद-कुंकवाचे बोट मुखपृष्ठाच्या कोपऱ्याला लावावे, आतल्या पानावर नको. कुंकू समोरच्या पानावर उमटते आणि हळदीचा डाग निघत नाही.

मूल इंग्रजी माध्यमात शिकते आणि त्याला मराठी अडखळत वाचता येते. मग?

मजकूर मराठीतच लिहावा, पण निम्मा करावा. अक्षरे सुटी आणि मोठी काढावीत, लपेटी घेऊ नयेत, आणि जोडाक्षरे जपून वापरावीत. ‘शुभेच्छांसह’ किंवा ‘उज्ज्वल’ यांसारख्या शब्दांवर असे मूल हमखास थांबते. ‘इरा, पान नंबर मी सांगणार नाही. सापडला की फोन कर.’ यात त्याला अडवणारे काही नाही. बोलताना आपण ‘विचारलं’, ‘पाहिलं’ म्हणतो, तसेच लिहावे. ज्यांना प्रमाणलेखनाची सवय आहे त्यांचा हात इथे अडखळतो, पण मुलाला आत्याचा आवाज ओळखू येतो तो त्याच रूपांतून. पुस्तक इंग्रजी असले तरी आतल्या ओळी मराठीत असायला काहीच हरकत नाही.

एकच पुस्तक दोघा भावंडांना द्यायचे आहे. नावे कोणत्या क्रमाने लिहावीत?

शक्य असेल तर दोन पुस्तके द्यावीत. मालकी हक्कावरून होणारे भांडण दिवाळीपुरते थांबत नाही. एकच द्यायचे असेल तर दोन्ही नावे एकाच ओळीत, धाकट्याचे आधी, आणि मजकुरात दोघांना वेगवेगळे काम द्यावे: थोरलीने वाचून दाखवायचे, धाकट्याने चित्रातले पक्षी मोजायचे.

आधी लिहावे की ऐनवेळी? मुलाकडे तेच पुस्तक असले तर?

लिहिलेले पुस्तक दुकानदार बदलून देत नाही, म्हणून लिहिण्यापूर्वी मुलाच्या आई-वडिलांना फोन करून पुस्तक घरात नाही ना, एवढे विचारून घ्यावे. बिल जपून ठेवावे आणि ते पुस्तकात ठेवून विसरू नये. खात्री झाली की आदल्या रात्री, फराळाचे डबे आवरल्यावर, टेबलावर बसून लिहावे आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडेच ठेवावे. ओवाळणीचे ताट समोर आल्यावर गुडघ्यावर पुस्तक धरून लिहिलेले अक्षर तिरपे जाते, आणि तोवर मूल शेजारी उभे राहून ते वाचूनही टाकते.